सहामाही व्याजाचा डिबेंचर विकत घेताना: व्याजाचं वेळापत्रक, साचलेलं व्याज आणि वायटीएम स्वतः कसं काढायचं

शेअर बाजारात किंवा एखाद्या ऑनलाइन बाँड प्लॅटफॉर्मवर एनसीडी, म्हणजे शेअरमध्ये रूपांतर न होणारा डिबेंचर, पहिल्यांदा विकत घेणाऱ्याला तीन आकडे गोंधळात टाकतात. कूपन, म्हणजे दर्शनी किमतीवरचं व्याज, ९ टक्के लिहिलेलं असतं, वायटीएम, म्हणजे मुदतपूर्तीपर्यंत ठेवल्यास मिळणारा वार्षिक परतावा, ९.९७ टक्के दिसतं आणि किंमत ९८५ रुपये असूनही प्रत्यक्षात १००३ रुपये भरायला सांगतात. तिन्ही आकडे बरोबर असू शकतात. ते एकमेकांशी कसे जुळतात हे कळायला एकच काम करावं लागतं. कोणत्या तारखेला किती पैसे जाणार आणि कोणत्या तारखेला किती येणार, याची यादी स्वतःच्या हाताने मांडायची. दुसऱ्याने काढलेल्या वायटीएमवर विसंबण्यापेक्षा ही सहा ओळींची यादी मला कितीतरी जास्त भरवशाची वाटते.

त्यासाठी एक नमुन्याचा डिबेंचर घेऊ. दर्शनी किंमत १००० रुपये, व्याजदर वार्षिक ९ टक्के, व्याज दर सहा महिन्यांनी १२ जून आणि १२ डिसेंबरला, मुदतपूर्ती १२ डिसेंबर २०२७. आपण तो शुक्रवारी, २२ ऑगस्ट २०२५ रोजी ९८५ रुपयांना घेतला आणि सौद्याचं सेटलमेंट, म्हणजे पैसे आणि डिबेंचर यांची प्रत्यक्ष अदलाबदल, सोमवारी, २५ ऑगस्टला झालं असं धरू.

पहिली पायरी: कागद काढा

प्रत्येक डिबेंचर मालिकेला आयएसआयएन नावाचा बारा अक्षरांचा क्रमांक असतो. कंपन्यांच्या रोख्यांचा तो INE ने सुरू होतो. एकाच कंपनीच्या एकाच इश्यूत मासिक व्याजाची, वार्षिक व्याजाची, एकरकमी परतफेडीची अशा अनेक मालिका असतात आणि नावं जवळपास सारखी दिसतात, म्हणून नावावर न जाता आयएसआयएनवर जा. तो टाकून एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थांच्या कॉर्पोरेट बाँड डेटाबेसमध्ये व्याजदर, व्याजाच्या तारखा आणि मुदतपूर्ती बघता येते. मूळ प्रॉस्पेक्टसमध्ये रोख प्रवाहाचं नमुना वेळापत्रकही दिलेलं असतं. तिथे आणखी एक गोष्ट शोधा, कॉल किंवा पुट ऑप्शन. कंपनीला मुदतीआधी पैसे परत करण्याचा किंवा तुम्हाला ते परत मागण्याचा हक्क असेल, तर पुढचा सगळा हिशोब त्या तारखेपर्यंतचाही वेगळा करावा लागतो.

दुसरी पायरी: व्याजाचं वेळापत्रक मांडा

९ टक्के म्हणजे वर्षाला ९० रुपये, मग सहामाहीला ४५ रुपये, असं मनात येतं. सरकारी रोख्यांत तसंच असतं, कारण तिथे प्रत्येक महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं धरतात. कंपन्यांच्या डिबेंचरमध्ये सेबीच्या नियमानुसार प्रत्यक्ष दिवस मोजले जातात. १२ जून ते १२ डिसेंबर १८३ दिवस होतात, १२ डिसेंबर ते १२ जून १८२. म्हणून डिसेंबरचं कूपन ९० × १८३ ÷ ३६५ = ४५.१२ रुपये येतं आणि जूनचं ४४.८८. दोन्हींची बेरीज बरोबर ९०. बँकेत ४५ ऐवजी ४४.८८ च्या हिशोबाने रक्कम आली, तर कंपनीने पैसे कापले असं समजू नका. २९ फेब्रुवारी असलेल्या वर्षात भागाकार ३६६ ने होतो. आपला डिबेंचर २०२७ मध्येच संपतो, त्यामुळे तो प्रश्न इथे येत नाही.

आता सुट्ट्या. कॅलेंडर उघडून प्रत्येक तारखेचा वार बघा. १२ डिसेंबर २०२६ आणि १२ जून २०२७ हे दोन्ही दुसरे शनिवार आहेत, म्हणजे बँका बंद. व्याजाची तारीख अशा दिवशी आली, तर पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशी मिळतात, म्हणजे सोमवारी, १४ तारखेला. या दोन दिवसांचं जादा व्याज मिळत नाही आणि पुढची सहामाहीही मूळच्या १२ तारखेपासूनच मोजतात.

मुदतपूर्तीचा नियम याच्या उलट आहे. १२ डिसेंबर २०२७ रविवार आहे, त्याच्या आदला दिवस पुन्हा दुसरा शनिवार. परतफेडीचा दिवस सुट्टीवर आला, तर पैसे आधीच्या कामकाजाच्या दिवशी द्यावे लागतात. म्हणून मुद्दल आणि शेवटचं व्याज शुक्रवारी, १० डिसेंबरला येईल आणि ते व्याज १८३ ऐवजी १८१ दिवसांचं, ४४.६३ रुपये, असेल.

तिसरी पायरी: साचलेलं व्याज

आपण २५ ऑगस्टला मालक झालो, पण १२ डिसेंबरला कंपनी पूर्ण १८३ दिवसांचं व्याज आपल्याच खात्यात टाकणार. तुमच्याआधी डिबेंचर कोणाकडे किती दिवस होता, याचा हिशोब कंपनी ठेवत नाही. मधल्या काळाची वाटणी विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपसात करायची असते. भाडेकरू सहा महिन्यांचं भाडं शेवटी एकदम देतो असा फ्लॅट मध्येच विकला, तर उलटलेल्या महिन्यांचं भाडं जुना मालक नव्या मालकाकडून आधीच वसूल करेल. इथेही तेच होतं आणि त्या रकमेला अ‍ॅक्रूड इंटरेस्ट म्हणतात.

१२ जून ते २५ ऑगस्ट ७४ दिवस होतात. एक्सेलसारख्या शीटमध्ये हे असं लिहा:

```
=1000*9%*(DATE(2025,8,25)-DATE(2025,6,12))/365
```

उत्तर १८.२५ येतं. दिवस सेटलमेंटच्या तारखेपर्यंत मोजायचे, सौद्याच्या तारखेपर्यंत नाही. नवख्या माणसाचा आकडा इथेच दोन-तीन दिवसांनी चुकतो. शुक्रवारी सौदा केला तर शनिवार-रविवारही विकणाऱ्याच्या पदरात जातात, कारण पैसे आणि डिबेंचर हस्तांतरित होतात सोमवारी.

म्हणून एका डिबेंचरला ९८५ अधिक १८.२५, म्हणजे १००३.२५ रुपये द्यायचे. व्याजाशिवायच्या ९८५ ला क्लीन प्राइस म्हणतात आणि व्याज धरून होणाऱ्या १००३.२५ ला डर्टी प्राइस. हे १८.२५ रुपये खर्च नाहीत. १२ डिसेंबरच्या ४५.१२ मध्ये ते परत येतात आणि आपली खरी कमाई उरलेल्या १०९ दिवसांची, सुमारे २७ रुपये, असते. पहिलं कूपन हातात पडल्यावर ते सगळं उत्पन्न समजून खर्च करू नका, असं मी प्रत्येक नव्या गुंतवणूकदाराला सांगतो. त्यातला मोठा भाग तुमचेच परत आलेले पैसे असतात.

कुठे कोणती किंमत दिसते तेही ओळखता यायला हवं. बाँड प्लॅटफॉर्मवर सहसा क्लीन प्राइस आणि साचलेलं व्याज वेगळं दाखवतात. शेअरसारखेच एनसीडी जिथे विकले जातात, त्या एक्स्चेंजच्या रोजच्या बाजारात स्क्रीनवर दिसणारी किंमत व्याजासकट असते. तिथे आपला हाच डिबेंचर १००३ ला दिसेल आणि वाटेल की दर्शनी किमतीपेक्षा महाग आहे. साचलेलं व्याज वजा केलं की तो १५ रुपये स्वस्त असल्याचं कळतं. अशा बाजारात किंमत कूपनपर्यंत हळूहळू चढते आणि व्याज कोणाला मिळणार हे ठरवणारी रेकॉर्ड डेट उलटली की जवळपास कूपनएवढी खाली येते. ती पडझड नसते, फक्त व्याज वेगळं झालेलं असतं.

रेकॉर्ड डेटचा सापळा

व्याज कोणाला द्यायचं हे रेकॉर्ड डेटला कोणाच्या डिमॅटमध्ये डिबेंचर आहे यावरून ठरतं. ही तारीख व्याजाच्या १५ दिवस आधी असते. आपल्या उदाहरणात १२ डिसेंबरच्या कूपनसाठी ती २७ नोव्हेंबर २०२५.

समजा तुमचा सौदा १ डिसेंबरला सेटल झाला. आता १२ डिसेंबरचं पूर्ण ४५.१२ रुपये व्याज विकणाऱ्याला मिळणार, पण १ ते १२ डिसेंबर हे ११ दिवस डिबेंचर तुमच्याकडे असणार. त्यामुळे हिशोब उलटतो. त्या ११ दिवसांचे २.७१ रुपये तुमच्या किमतीतून वजा व्हायला हवेत आणि ९८५ च्या क्लीन प्राइसवर तुम्ही ९८२.२९ द्यायला हवेत. अ‍ॅक्रूड इंटरेस्टच्या रकान्यात उणे आकडा दिसला तर तो बरोबर आहे. याच दिवशी कोणी नेहमीच्या पद्धतीने १७२ दिवसांचं व्याज लावून १०२७.४१ मागितले आणि तुम्ही दिलेत, तर थेट एका कूपनचं नुकसान होईल. रेकॉर्ड डेटनंतरच्या या दोन आठवड्यांत कमी सौदे होणाऱ्या एनसीडीच्या किमती बऱ्याचदा गोंधळलेल्या असतात. घाई नसेल तर नवीन माणसाने हे दिवस टाळावेत.

चौथी पायरी: वायटीएम

यादी तयार आहे. आता ती शीटमध्ये उतरवा, पहिल्या स्तंभात तारखा आणि दुसऱ्यात रकमा. जाणारी रक्कम उणे लिहायची.

| तारीख | रक्कम (रुपये) |
|---|---|
| २५ ऑगस्ट २०२५ | −१००३.२५ |
| १२ डिसेंबर २०२५ | ४५.१२ |
| १२ जून २०२६ | ४४.८८ |
| १४ डिसेंबर २०२६ | ४५.१२ |
| १४ जून २०२७ | ४४.८८ |
| १० डिसेंबर २०२७ | १०४४.६३ |

पहिली नोंद दुसऱ्या ओळीत असेल तर सूत्र असं:

```
=XIRR(B2:B7,A2:A7)
```

उत्तर सुमारे ९.९७ टक्के. पुढे येणाऱ्या सगळ्या रकमांना ज्या एका वार्षिक दराने आजच्या किमतीत आणलं की बेरीज बरोबर १००३.२५ होते, तो हा दर. कूपनच्या ९ टक्क्यांवर तो तीन कारणांनी गेला. मुदतपूर्तीला १५ रुपये जादा मिळणार आहेत, ९० रुपयांचं व्याज १००० वर नव्हे तर ९८५ वर मिळतंय आणि व्याजाचा अर्धा हिस्सा वर्ष संपायच्या आधीच हातात येतोय.

कागदावर पडताळा घ्यायचा असेल तर एक जुनी ढोबळ रीत आहे. वार्षिक ९० रुपये, त्यात १५ रुपयांचा फायदा उरलेल्या २.३ वर्षांत वाटून ६.५२ मिळवायचे, आणि येणाऱ्या ९६.५२ ला ९८५ व १००० यांच्या सरासरीने, म्हणजे ९९२.५० ने, भागायचं. येतात ९.७२ टक्के. शीटच्या उत्तरापेक्षा हे पाव टक्का कमी का, याचं उत्तर पुढे आहे आणि ते महत्त्वाचं आहे.

त्याआधी सर्वांत जास्त होणारी चूक सांगतो. पहिल्या ओळीत −१००३.२५ ऐवजी −९८५ लिहिलं तर तीच शीट १०.९४ टक्के दाखवते. साचलेलं व्याज भरायचं विसरलो आणि पहिलं कूपन मात्र पूर्ण मोजलं, म्हणून जवळपास एक टक्का हवेतून निर्माण झाला. जाहिरातीतला परतावा आणि तुमची शीट यांत एवढा फरक दिसला, तर आधी ही ओळ तपासा. ब्रोकरेज आणि इतर शुल्कही याच ओळीत मिळवा. तुमच्या बँक खात्यातून प्रत्यक्ष जाणारी रक्कमच तिथे असायला हवी.

दोन वायटीएम, एकच डिबेंचर

आता तो पाव टक्का. व्याज सहामाही असेल तर परतावा दोन पद्धतींनी सांगता येतो. पहिल्या पद्धतीत सहा महिन्यांचा दर काढून त्याची दुप्पट करतात. आपल्या डिबेंचरचा सहामाही दर साधारण ४.८७ टक्के, दुप्पट ९.७३. दुसऱ्या पद्धतीत मधल्या व्याजावरचं व्याजही धरतात, म्हणजे १.०४८७ चा वर्ग करायचा, तेव्हा ९.९७ येतात. XIRR दुसऱ्या पद्धतीने मोजतं. शीटमधलं YIELD हे सूत्र पहिल्या पद्धतीने मोजतं आणि सुमारे ९.७ दाखवतं:

```
=YIELD(DATE(2025,8,25),DATE(2027,12,12),9%,98.5,100,2,1)
```

यात किंमत १०० रुपये दर्शनी मूल्याच्या हिशोबाने आणि साचलेल्या व्याजाशिवाय लिहायची असते, म्हणून ९८.५. साचलेलं व्याज हे सूत्र स्वतःच धरतं. शनिवार-रविवार मात्र त्याला कळत नाहीत.

यातून निघणारा नियम असा की दोन डिबेंचरची तुलना करताना दोन्हींचा परतावा एकाच पद्धतीने काढलेला असला पाहिजे. दर्शनी किमतीला मिळणारा सहामाही ९ टक्क्यांचा डिबेंचर वार्षिक हिशोबात ९.२० टक्के देतो. शेजारी वार्षिक व्याजाचा ९.१५ टक्क्यांचा डिबेंचर ठेवला तर वरवर दुसरा चांगला वाटतो, प्रत्यक्षात पहिला थोडा पुढे असतो. म्हणून दोन्हींची तारीखवार यादी करून XIRR लावा आणि तेच आकडे समोरासमोर ठेवा.

या आकड्यावर किती विसंबायचं

९.९७ टक्के हा तुमचा दर राहतो तो मुदतपूर्तीपर्यंत डिबेंचर ठेवला तर. मध्ये विकावा लागला तर त्या दिवशीची किंमत तुमचा परतावा ठरवेल. आपल्या उदाहरणात बाजाराला हवा असलेला परतावा एक टक्क्याने वाढला, तर किंमत साधारण १९ रुपयांनी उतरते. हाच हिशोब खरेदीलाही लागू आहे. एका डिबेंचरला १० रुपये जास्त मोजले की वायटीएम जवळपास अर्ध्या टक्क्याने घटतं. एक्स्चेंजवर बहुतेक एनसीडींचे सौदे फार कमी होतात आणि विकणाऱ्याचा व घेणाऱ्याचा भाव यांत एवढं अंतर सहज असतं. म्हणून बाजारभावाने ऑर्डर टाकू नका. आपल्याला हवा तो परतावा कोणत्या किमतीला मिळतो हे शीटमध्ये बघून त्या किमतीची लिमिट ऑर्डर लावा.

शिवाय सगळे पैसे वर्षाला ९.९७ टक्के चक्रवाढीने वाढायचे असतील, तर मधली कूपनंही तेवढ्याच दराने गुंतवावी लागतील. ती बचत खात्यात पडून राहिली तर शेवटी हाती येणारी रक्कम कमी भरेल.

कर यात धरलेला नाही. व्याज तुमच्या प्राप्तिकराच्या टप्प्यानुसार करपात्र असतं. १ एप्रिल २०२३ पासून सूचिबद्ध डिबेंचरच्या व्याजावरही टीडीएस कापला जातो. निवासी व्यक्तीला एका कंपनीकडून वर्षात मिळणारं व्याज १०,००० रुपयांपेक्षा जास्त झालं की साधारणपणे १० टक्के कपात होते. १०० डिबेंचरना वर्षाला ९००० येतात, २०० घेतले तर मर्यादा ओलांडली जाते. कपात संपूर्ण कूपनवर होते, तुम्ही विकणाऱ्याला दिलेलं साचलेलं व्याज त्यातून वगळत नाहीत. म्हणून खरेदीची कॉन्ट्रॅक्ट नोट जपून ठेवा आणि विवरणपत्र भरताना कर सल्लागाराला दाखवा.

आणि वायटीएम काढताना प्रत्येक रक्कम ठरल्या दिवशी येणारच असं गृहीत धरलेलं असतं. गृहकर्ज देणाऱ्या डीएचएफएल या कंपनीने जून २०१९ मध्ये डिबेंचरचं व्याज वेळेवर दिलं नाही. अशा वेळी किंमत कोसळते आणि सूत्र प्रचंड वायटीएम दाखवू लागतं, कारण त्याला यादीतल्या सगळ्या रकमा अजूनही येणारच असं वाटतं. सारख्या मुदतीच्या आणि सारख्या पतमानांकनाच्या डिबेंचरपेक्षा एखादाच चार-पाच टक्के जास्त देताना दिसला, तर ती सवलत समजू नका. बाजाराला कोणत्या कूपनबद्दल शंका आहे ते आधी शोधा.

खरेदीनंतर यादी फेकून देऊ नका. प्रत्येक कूपनच्या तारखेला डिमॅटशी जोडलेल्या बँक खात्यात रक्कम आली का ते तिच्याशी ताडून बघा. न आल्यास आधी वार बघा, मग तुमच्या डिमॅटमधलं बँक खातं बदललंय का ते बघा. त्यानंतर एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर कंपनीची घोषणा शोधा, कारण व्याज दिलं की नाही हे कंपनीला देय तारखेपासून एका कामकाजाच्या दिवसात तिथे कळवावंच लागतं. घोषणेत पैसे दिल्याचं असेल तर डिबेंचरधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारला आयएसआयएन आणि डिमॅट क्रमांकासह लिहा. घोषणाच नसेल किंवा व्याज दिलं नसल्याचं तिथे म्हटलं असेल, तर प्रॉस्पेक्टसमध्ये नाव असलेल्या, डिबेंचरधारकांचं हित जपणाऱ्या डिबेंचर ट्रस्टीला त्याच दिवशी लेखी कळवा.